अवतरणातला काना

इंदूरच्या दिवाणी न्यायालयाचा हिंदी निकाल मराठीत करून जळगावच्या कोर्टात लावायचा होता, कारण वादातली शेतजमीन तिकडची. भाषांतर घरून काम करणाऱ्या एका भाषांतरकार ताईंचं, तपासणी माझी. (पक्षकारांची नावं इथे बदलली आहेत.)

वाचता वाचता एका वाक्यावर अडलो: ‘मृत्युपत्रात मुलीचे नाव “वासंती” असून शाळेच्या दाखल्यात “वासंती” आहे, या फरकामुळे त्या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, असा प्रतिवादीचा आक्षेप आहे.’ फरक कुठे आहे? मूळ निकाल काढला. मृत्युपत्राच्या उताऱ्यात ‘वसंती’ होतं. अख्खा वाद त्या एका कान्यावर उभा होता, आणि न्यायाधीशांनी दोन पानं खर्चून ती लिहिणाऱ्याची चूक ठरवली होती. भाषांतरात तो फरकच बुजला होता. विरुद्ध बाजूच्या वकिलाने मूळ प्रत शेजारी धरली असती, तर सगळ्या भाषांतरावरच शंका घेतली असती.

ताईंना फोन केला.

“दादा, पक्षकारांनी कळवलं होतं, आधार कार्डावर आहे तसंच नाव सगळीकडे ठेवा. म्हणून शेवटी रिप्लेस ऑल केलं.”

मराठीत प्रत्यय नावाला चिकटतात: वसंतीने, वसंतीला, वसंतीच्या. पूर्ण शब्द शोधायचा पर्याय लावला तर ही रूपं सुटतात, म्हणून तो काढावाच लागतो. मग निवेदन आणि अवतरण दोन्ही सरसकट बदलतं. आता उलटं रिप्लेसही चालणार नव्हतं, कारण दाखल्यातलं बरोबर ‘वासंती’सुद्धा ‘वसंती’ झालं असतं.

सुदैवाने ताईंकडे आदल्या दिवशीची फाइल होती. वर्डमध्ये रिव्ह्यूतल्या कम्पेअरने दोन्ही प्रती ताडल्या, तसा प्रत्येक बदल रंगात दिसला. मृत्युपत्राचे आणि साक्षींचे उतारे मूळ निकालाशी लावून तिथले बदल आम्ही एकेक करून नाकारले. वेळ गेला, पण दुसरा विश्वासाचा मार्ग नव्हता.

पुढच्या कामासाठी ताईंना एक रीत दाखवली. आधी सगळी अवतरणं हायलाइट करायची. मग रिप्लेसच्या खिडकीत कर्सर शोधायच्या चौकटीत ठेवून, फॉरमॅटमधला हायलाइट दोनदा निवडायचा. चौकटीखाली `Not Highlight` दिसलं की रंगवलेला मजकूर बदलातून वगळला जातो. मात्र एखादं अवतरण रंगवायचं राहिलं तर ते वाचत नाही, म्हणून नावापुरतं तरी एकेक ठिकाण पाहून बदललेलं बरं.

पक्षकार नाराज होते. त्यांना सांगितलं, उताऱ्यात ‘वसंती’च राहील, खाली ‘मुळात असेच’ अशी टीप येईल. निकालात न्यायालयाच्याच हातून लेखनदोष झाला असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 152 खाली तिथे अर्ज करता येतो. मृत्युपत्रातला शब्द मात्र त्यानेही बदलत नाही.