रोज दहा टीबी, असं लिहिलं होतं

ऑगस्टमधला रविवार. सकाळपासून पाऊस धरून होता. माझी मावसबहीण हिंजवडीहून रिक्षा करून आली आणि ओली छत्री गॅलरीत ठेवायच्या आधीच म्हणाली, "दादा, बुधवारी इंटरव्ह्यू आहे. रेझ्युमे बघ ना एकदा. फक्त स्पेलिंग बघितलंस तरी चालेल."

ती चार वर्षं डेटा इंजिनिअर आहे, मी बारा. मी स्वतः इंटरव्ह्यू घेतो, त्यामुळे असे रेझ्युमे महिन्याला आठ-दहा तरी वाचतो. स्पेलिंग ठीकच होतं. अनुभवाखालची पहिलीच ओळ वाचली आणि मी थांबलो. इंग्रजीतल्या त्या ओळीचा मतलब असा: स्पार्क आणि एअरफ्लो वापरून दररोज दहा टीबी डेटा हाताळणाऱ्या पाइपलाइन उभारल्या. स्पार्क डेटाचं काम अनेक मशीनवर वाटतो, एअरफ्लो कुठलं काम कधी चालवायचं ते सांभाळतो.

"क्लस्टर केवढा आहे तुझा?"

"सहा मशीन. आठ-आठ कोअरची."

"जॉबला वेळ किती लागतो?"

"आता पस्तीस मिनिटं."

मी पेन्सिलीने हिशोब मांडला. दहा टीबी पस्तीस मिनिटांत म्हणजे सेकंदाला जवळपास पावणेपाच जीबी. सहा मशीनमध्ये वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला पाऊण जीबीहून जास्त. आणि डेटा कसला, तर गझिप केलेला जेसन. तो उलगडायचा, वाचायचा, जोडायचा आणि परत लिहायचा. आठ कोअरच्या मशीनला हे झेपणार नाही. बुधवारी समोर बसणारा माणूस हा हिशोब मनातल्या मनात करेल, काही बोलणार नाही, पण पुढची प्रत्येक ओळ संशयानेच वाचेल.

"दहा टीबी आला कुठून?"

"बकेटचा साइज आहे तो. कन्सोलवर दिसतो."

त्या आठवड्यात ती ऑन-कॉल होती, म्हणून ऑफिसचा लॅपटॉप सोबत होता. एका दिवसाचा आकार बघायला तिला सांगितलं:

```
aws s3 ls s3://<bucket>/orders/dt=2025-07-27/ \
  --recursive --summarize --human-readable
```

शेवटी बेरीज आली, ४० जीबीच्या आसपास. आणखी तीन-चार तारखा बघितल्या, त्याही तेवढ्याच. म्हणजे बकेटमध्ये साधारण अडीचशे दिवसांचा माल साठला होता आणि ती तो रोजचा म्हणून सांगत होती. खोटं बोलायचा तिचा इरादा नव्हता. तो आकडा डोळ्यांसमोर होता, मोठा होता, म्हणून तिने उचलला.

तिचा चेहरा उतरला. "चाळीस जीबी कोण वाचणार, दादा?"

मी म्हटलं, "ते राहू दे. पस्तीस मिनिटं 'आता' लागतात म्हणालीस. आधी किती लागायची?"

"दोन तास."

"मग काय केलंस?"

तिने जे सांगितलं त्यातलं एक अक्षरही रेझ्युमेत नव्हतं. वरच्या टीमकडून दर तासाला एक फाइल यायची, दिवसाला चोवीस. गझिपची फाइल मधून तोडून वाचता येत नाही, त्यामुळे स्पार्क एक अख्खी फाइल एकाच कोअरला देतो. कोअर अठ्ठेचाळीस आणि फाइली चोवीस, म्हणजे निम्मे कोअर पहिल्यापासूनच रिकामे. त्यात रात्री आठ ते दहा या वेळेतल्या ऑर्डरी सगळ्यांत जास्त, म्हणून त्या तासांच्या फाइली चार-चार जीबीच्या. स्पार्कच्या स्क्रीनवर तिला रोज तेच दिसायचं: चोवीसपैकी बावीस टास्क उरकलेले, दोन चालू, आणि त्या दोघांसाठी सहा मशीन ताटकळत उभ्या. टास्कच्या वेळांमधली मधली किंमत आणि कमाल किंमत यांत तिपटीहून जास्त फरक होता. तो बघूनच तिला रोग कळला.

सगळ्यांनी तिला क्लस्टर वाढवायला सांगितलं होतं. तिने ते केलं नाही. मशीन दुप्पट केल्या असत्या तरी ती चार जीबीची फाइल एकाच कोअरवर तितकाच वेळ चालली असती. तिने वरच्या टीमच्या मागे लागून फाइली सव्वाशे एमबीच्या आसपास तोडून घेतल्या. दिवसाला सव्वातीनशे छोट्या फाइली यायला लागल्या, सगळे कोअर कामाला लागले आणि दोन तासांची पस्तीस मिनिटं झाली.

मी तिला म्हटलं, "अगं, हीच तर पहिली ओळ." दहा टीबीवाली ओळ खोडून तिथे लिहिलं: दररोज सुमारे ४० जीबी (संकुचित) ऑर्डर डेटा, न तुटणाऱ्या मोठ्या फाइलींमुळे अडणारा जॉब, फाइलींचा आकार बदलून, त्याच क्लस्टरवर २ तासांवरून ३५ मिनिटांवर आणला. 'त्याच क्लस्टरवर' हे शब्द मी मुद्दाम घालायला लावले. जाणकार माणूस तिथे थांबतो.

दुसरी ओळ होती विश्वासार्हतेची: ९९.९ टक्के अपटाइम. हा आकडा मला जवळपास प्रत्येक रेझ्युमेत भेटतो. वेबसाइटला अपटाइम असतो, कारण ती सतत चालू असते. दिवसातून एकदा चालणाऱ्या जॉबला कसला अपटाइम? वर्षाच्या ३६५ रनना हजारात एक अपयश लावलं तर वर्षाला अर्ध्याहून कमी वेळा पडला असं होतं. आणि गेल्या दिवाळीत ही पोरगी आमच्याच हॉलमध्ये पहाटे लॅपटॉप उघडून बसली होती.

मी विचारलं, "जॉबमधून निघणारं टेबल सकाळी नेमकं कोणाला लागतं?"

"गोदामवाल्यांना. सात वाजता रिपोर्ट निघतो."

मग मोजायचं तेच. सातच्या आत टेबल तयार नव्हतं असे दिवस किती? एअरफ्लो प्रत्येक रनची नोंद आपल्या डेटाबेसमध्ये ठेवतो. आधी तिने फेल झालेले रन मोजले, तर उत्तर आलं शून्य. ती खूश झाली, मी नाही. पडलेला रन क्लिअर करून पुन्हा चालवला की त्याच नोंदीवर शेवटी 'सक्सेस' लागतं आणि पडल्याचा मागमूसही राहत नाही. संपल्याची वेळ मात्र शेवटच्या प्रयत्नाची राहते, आणि आम्हाला तीच हवी होती. तिने क्वेरी लिहिली, आणि उशिराचे दिवस फारच थोडे निघाले. पुन्हा बघितलं तर वेळा यूटीसीत होत्या. तिथले सात म्हणजे आपले दुपारचे साडेबारा. दुरुस्त केलेली क्वेरी अशी:

```sql
SELECT date_trunc('month', end_date AT TIME ZONE 'Asia/Kolkata') AS mahina,
       count(*) AS run,
       count(*) FILTER (
         WHERE (end_date AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::time > '07:00'
       ) AS ushir
FROM dag_run
WHERE dag_id = 'daily_orders'
GROUP BY 1 ORDER BY 1;
```

बदल जानेवारीत झाले होते, म्हणून तो महिना बाजूला ठेवला. जुलै ते डिसेंबर, १८४ दिवसांत ४१ वेळा उशीर. फेब्रुवारी ते जुलै, १८१ दिवसांत ५ वेळा.

ती बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली. सहा महिने तिने हे काम केलं होतं, पण ते मोजून कधी पाहिलंच नव्हतं.

एवढा फरक कशाने पडला, तेही तिच्याच तोंडून काढून घेतलं. जॉब चारला सुटायचा, क्लस्टर उभा राहायला दहा मिनिटं, मग दोन तास, म्हणजे सहा दहाला संपायचा. मधे एकदा जरी पडला तरी सातच्या आत पुन्हा चालवायला वेळच नसायचा. आता तो पावणेपाचला संपतो. पडला तरी आणखी दोन रन सातच्या आत बसतात. वेग वाढला तो आकडा मिरवायला नव्हे, त्यातून चुकीला जागा मिळाली. इंटरव्ह्यूत हे वाक्य असंच सांग, असं मी तिला बजावलं.

पण ४१ पैकी बरेच दिवस दुसऱ्याच कारणाने गेले होते, आणि तिथे शेड्युलिंगची ओळ आली. रेझ्युमेत टूल्सची रांग लावलेली: एअरफ्लो, ऊझी, लुइजी, कंट्रोल-एम. "ऊझी वापरलंस?" तर नाही. कंट्रोल-एम ट्रेनिंगमध्ये एकदा पाहिलेलं. तिन्ही खोडली. एअरफ्लोवर काय केलंस, ते विचारलं.

त्यांच्या वर्करला सोळा स्लॉट, म्हणजे एका वेळी सोळाच टास्क. फाइल आली का हे बघत बसणारे सेन्सर प्रत्येक पाइपलाइनला एक-दोन. हे सेन्सर मुळात वाट बघताना आपला स्लॉट धरून ठेवतात. एका रात्री वरून फाइली उशिरा आल्या, सोळाच्या सोळा स्लॉटवर सेन्सर बसले, आणि त्यातल्या काहींना जी फाइल हवी होती ती बनवणारा टास्कच रांगेत अडकला. सगळे एकमेकांची वाट बघत बसले. लाल काहीच दिसेना, कारण फेल काहीच झालं नव्हतं. टास्क नुसते 'क्यूड' म्हणून पडून होते. तिने पहाटे अडीचला ते ओळखलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या सेन्सरमध्ये हे बदललं:

```python
S3KeySensor(
    task_id="wait_for_files",
    bucket_key=path,
    mode="reschedule",
    poke_interval=300,
    timeout=3 * 60 * 60,
)
```

आता सेन्सर दर पाच मिनिटांनी डोकावतो आणि मधल्या वेळात स्लॉट सोडून देतो. तीन तासांत फाइल आली नाही तर पडतो आणि फोन वाजवतो. हे जिने केलं तिने टूल्सच्या रांगेत फक्त 'एअरफ्लो' एवढा एक शब्द लिहावा याचं मला फार वाईट वाटलं.

खर्चाची ओळ पटकन निकालात निघाली. क्लाउड खर्च ४० टक्के कमी केला, असं लिहिलेलं. हा आकडा मॅनेजरच्या मेलमधला, सगळ्या खात्याचा, आणि त्याच महिन्यात दुसऱ्या एका टीमने आपलं जुनं वेअरहाउस बंद केलं होतं. तो तिचा नव्हता. तिचा हिशोब सरळ होता: आधी सहा मशीन रोज दोन तास दहा मिनिटं, म्हणजे १३ मशीन-तास, आता पाऊण तास, म्हणजे साडेचार. या एका जॉबपुरता ६५ टक्के कमी. 'या एका जॉबपुरता' हे शब्द ओळीत ठेवलेच पाहिजेत, असा माझा आग्रह होता.

दुपारी तीनला रेझ्युमे एका पानाचा झाला. क्लायंटचं नाव आणि टेबलांची खरी नावं काढून टाकली. निघताना ती दारात थांबली. "दादा, ते ५ पण लिहू? उशीर झाला म्हणून कोण सांगतं?"

"लिही. आणि कोणते पाच, ते पाठ कर."

बुधवारी संध्याकाळी तिचा फोन आला. दहा टीबीबद्दल विचारण्यासारखं कागदावर काही उरलंच नव्हतं. पहिला प्रश्न होता: हे पाच दिवस कोणते? तिने सांगितलं, तीन वेळा वरून फाइलीच तीन तासांत आल्या नाहीत. दोन वेळा चूक आमची होती, एका कॉलमचा प्रकार आकड्याचा होता तो मजकुराचा झाला आणि आम्ही तो तपासत नव्हतो. मग पाऊण तास फक्त त्या कॉलमवर बोलणं झालं. तपासणी कुठे लावशील, जॉब थांबवशील की वाईट ओळी बाजूला काढशील, बाजूला काढलेल्या ओळी सकाळी कोण बघेल. निकाल अजून यायचा आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिला नीट देता आलं नाही, म्हणून येत्या रविवारी ती पुन्हा येतेय.