आधी भिंत बघ

दादांचं एकच वाक्य डोक्यातून जात नाहीये. "केसांकडे काय बघतोस, आधी भिंत बघ." बोलले आणि गिऱ्हाईक आलं म्हणून पुढे निघून गेले. मी स्क्रीनसमोर तसाच.

बाकीचे आज लग्नाच्या शूटला गेले. कॅमेरा माझ्या हातात कधी येणार, हे मी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. संध्याकाळ झाली की मी आणि कुणाच्या तरी मागची भिंत, पडदा, दार. आईला काय सांगायचं, शिकतोय म्हणून? जाऊ दे.

आजींचा फोटो फ्रेमसाठी आलाय. मागे निळा रंग हवाय. खांदे, पदर, कान पेन टूलने झाले. कडेच्या किंचित आतून पाथ घेतला आणि पॉइंट कमी ठेवले, म्हणजे वळण गुळगुळीत येतं. अडलं ते केसांपाशी. केस पांढरे, भिंत फिकट. ऑटो सिलेक्शन सगळे भुरभुरते केस खाऊन टाकतं आणि डोक्यावर टोपी घातल्यासारखं दिसतं. कितीही झूम केलं तरी केस कुठे संपतात ते कळेना. रडू यायचं बाकी होतं.

मग भिंत बघितली. ती पांढरी नव्हतीच, क्रीम होती. म्हणजे तिच्यात पिवळेपणा आहे, निळा कमी. चॅनल एकेक करून पाहिले. रेडमध्ये केस आणि भिंत एकजीव, ग्रीनमध्ये जेमतेम फरक, आणि ब्लूमध्ये भिंत एकदम काळवंडली. केस तसेच उजळ. एकेक केस मोजता येईल असा! ब्लू चॅनलची कॉपी केली, लेव्हल्सने भिंत काळी होईपर्यंत ओढली. फार ओढलं की बारीक केस तुटतात, म्हणून टोकांवर थोडा करडेपणा राहू दिला. चेहराही ब्लूमध्ये काळपट येतो, तो ब्रशने पांढरा भरला. मग त्याचाच मास्क.

खाली निळा रंग टाकला तर केसांच्या टोकांना पिवळी झाक. भिंत गेली, पण तिचा रंग केसांत उरला होता. वर क्लिप केलेला लेयर घेऊन, तो लेयर कलर मोडवर ठेवून, करड्या रंगाचा ब्रश टोकांवर हळूहळू फिरवला. यालाच सगळ्यात जास्त वेळ गेला आणि गंमत म्हणजे तेव्हा वैताग आला नाही.

दादा हे आधीच सांगू शकले असते. पाच मिनिटांचं काम होतं. अजूनही थोडा राग आहेच. पण चॅनल दाखवले असते तर मी फक्त "ब्लू घ्यायचा" एवढंच पाठ केलं असतं, आणि पुढच्या हिरव्या भिंतीपुढे पुन्हा अडलो असतो.

उद्या जाळीच्या ओढणीचा फोटो आहे. तिच्या आरपार मागचा पडदा दिसतो, म्हणजे ओढणी अर्धवट पारदर्शक ठेवावी लागणार. पडदा मरून आहे. सकाळी आधी तोच बघणार.