तुम्ही विचारलंत म्हणून: वडील, सँडविच आणि अडकित्ते

"अगं, पण पहिल्याच भेटीला कुणी मुलाला केळकर म्युझियममध्ये नेतं का?"

मी नेलं, पुण्यातल्या त्या जुन्या घरगुती वस्तूंच्या संग्रहालयात. त्याआधी दुसऱ्या एका मुलाबरोबर कॅफेत जाऊन आले होते म्हणून नेलं. त्या कॅफेबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

ते स्थळ आत्यानं आणलं होतं. रविवारी संध्याकाळी सहाला फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका कॅफेत भेटायचं ठरलं. टेबल एवढंसं, गुडघे आवरून बसावं लागत होतं. डोक्यावर गाणी, आणि त्याचा आवाज माझ्याहूनही बारीक. त्यानं काहीतरी विचारलं. मी "काय?" म्हटलं, परत "काय?" म्हटलं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली, म्हणून हसून मान डोलावली. तो गप्पच झाला.

कॉफी दहा मिनिटांत संपली. मी नॅपकिनची घडी घातली, उलगडली, परत घातली. वेटर दर पाच मिनिटांनी "और कुछ?" म्हणून यायचा आणि आम्ही दोघं एकदमच मेनूकार्डात तोंड खुपसायचो. उठायचं कसं, हेच दोघांना सुचेना. शेवटी भूक नसताना सँडविच मागवलं. झालं, आणखी अर्धा तास बसावं लागलं. बिल आलं तेव्हा दोघांनी एकदम हात पुढे केला आणि एकदमच मागे घेतला.

तिसऱ्या दिवशी निरोप आला, मुलगी शिष्ट वाटली. आत्यानं खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्यानं माझ्या बाबांच्या आजारपणाची चौकशी केली होती. आणि मी हसले होते.

वर्षभर मी स्वतःला घुमी म्हणून घेत होते. आता वाटतं, निम्मा दोष त्या टेबलाचा होता. समोरासमोर बसलं की बघायला समोरचा चेहरा तेवढा असतो, आणि बुजऱ्या माणसाला नेमकं तेच जमत नाही. शेजारी उभं राहून दोघांनी तिसऱ्याच वस्तूकडे बघितलं तर गप्प राहणंही बघण्यातच जमा होतं. सिनेमा सुचवणाऱ्यांनो, तिथे अडीच तास अंधारात गप्प बसून बाहेर आल्यावर परत पहिल्या वाक्यापासून सुरुवात असते. आणि झेड ब्रिजवर जाऊन उभं राहायचं म्हणजे काही ठरायच्या आत गावाला सांगायचं.

म्हणून पुढच्या स्थळाच्या वेळी शुक्रवार पेठेतलं केळकर म्युझियम, शनिवारी सकाळी साडेअकरा. मेसेजमध्येच लिहून टाकलं होतं: "मला एक वाजता तुळशीबागेत काम आहे." काम खरंच होतं, निरांजन घ्यायचं होतं. पण ते आधी सांगितलं की उठायचं कसं हा प्रश्नच उरत नाही, आणि कुणाचा अपमानही होत नाही. तिकिटं मी पोचल्यापोचल्या काढून ठेवली, बिलाची ती कवायत नको म्हणून.

पहिली दहा मिनिटं आम्ही अक्षरही बोललो नाही. दिवे बघितले, दरवाजे बघितले. पाय घासायच्या वज्रीपाशी तो म्हणाला, "आमच्याकडे अशी होती, मातीची. आजी मला अंघोळ घालताना त्यानंच खरवडायची." मी म्हटलं, "आमच्याकडे दगड होता." एवढंच. पण तिथून आजी निघाली, आजीवरून गाव निघालं, गावावरून त्याची सुटलेली नोकरी निघाली. आणि हे सगळं तो काचेकडे बघत सांगत होता. बोलणं अडलं की पुढच्या कपाटापाशी जायचं. कॅफेत पुढचं कपाट नसतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. अडकित्त्यांत काही स्त्री-पुरुषांच्या जोडीच्या आकाराचे आहेत, चांगलेच बिलगलेले. त्यांच्यासमोर आम्ही असे उभे राहिलो, की सुपारी या विषयावर प्रबंध लिहायला आलोय. शाळेची सहल घुसली तेव्हाही चिमुरड्यांच्या कलकलाटात वीसेक मिनिटं कॅफेच झाला. डिसेंबरात जाणार असाल तर हे लक्षात ठेवा.

पाऊण वाजता बाहेर पडलो. अमृततुल्यमध्ये उभ्यानं चहा घेतला, पाच मिनिटांत संपतो म्हणून. मग तो म्हणाला, "निरांजन घ्यायला मी आलो तर चालेल?"

माझी मैत्रीण म्हणते, तू वस्तूंच्या आड लपलीस. लपलेच. तो चिडल्यावर कसा वागतो, पैशांचं काय करतो, यातलं त्या दिवशी काहीही कळलं नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत समोरासमोर बसून, घाम फुटत विचारावं लागलं. दोघांतला एक बोलका असेल तर तो तिथे गाइडच होऊन बसेल, हेही मान्य. आणि तो कॅफेतला मुलगा? त्याला इथे आणलं असतं तर बाबांबद्दलचा प्रश्न मला ऐकू आला असता. त्यापुढे काय झालं असतं, कोण जाणे.

परवा नवऱ्याला सहज विचारलं, त्या दिवशी तुला सगळ्यांत काय आवडलं? तो म्हणाला, "मला काही दिसतच नव्हतं गं. एकच पाटी तीनदा वाचली मी." मी विचारलं, कुठली? तीही त्याला आठवेना.