हप्ता थांबला पण व्याज नाही: बँकेचा ईमेल वाचताना

नोकरी गेल्यावर मी बँकेकडे हप्त्यात सवलत मागितली होती. महिन्याभराने ईमेल आला, पहिल्याच ओळीत 6 महिने हप्ता नाही असं होतं आणि खरं सांगते, तिथेच डोळ्यात पाणी आलं, पुढचं काही वाचलंच नाही. रात्री झोप येईना म्हणून परत उघडला.

दुसऱ्या कलमात होतं की या काळातलं व्याज मुद्दलात जोडलं जाईल. सगळा खेळ या एका वाक्यात आहे. माझं बाकी मुद्दल 10 लाख, व्याज महिन्याला 1 टक्का, हप्ता 22,244 आणि 60 हप्ते राहिलेले. हप्ता थांबला तरी व्याज चालूच राहतं, ते दर महिन्याला मुद्दलात जातं आणि पुढच्या महिन्यात त्यावरही व्याज लागतं, म्हणजे 6 महिन्यांनी मी एक पैसाही नवीन न घेता कर्ज 10,61,520 झालेलं असणार.

मग तिसरं कलम, की हप्ता तोच राहील आणि मुदत वाढेल. वाचायला बरं वाटतं ना? मी हिशोब केला तर सुट्टीनंतर 60 च्या जागी 65 पूर्ण हप्ते आणि वर एक छोटा, म्हणजे एकूण सुमारे 1 लाख 15 हजार जास्त. मुदत 60 हप्त्यांचीच ठेवली तर हप्ता 23,613 होतो, पण जास्तीचे साधारण 82 हजारच जातात.

चौथ्या कलमात कर्जाची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये 'पुनर्रचित' अशी होईल असं होतं. हप्ता चुकला अशी नोंद होण्यापेक्षा हे बरं, पण पुढचं कर्ज देणाऱ्याला ते दिसणारच. आणि अगदी शेवटी बारीक अक्षरात, 7 दिवसांत उत्तर नाही आलं तर तुमची संमती धरली जाईल!! म्हणजे मी गप्प बसले असते तर मुदत आपोआप वाढली असती.

मी उत्तरात एकच विचारलं, या 6 महिन्यांत फक्त व्याज भरलं तर चालेल का. नवऱ्याच्या पगारातून महिन्याला 10 हजार कसेबसे निघत होते. तसं केलं तर मुद्दल 10 लाखच राहतं, नंतर तेच 60 हप्ते, आणि जास्तीचे गेले ते फक्त 60 हजार. बँकवाले हो म्हणाले, पण फोनवर. मी म्हटलं लेखी द्या आणि नवीन हप्त्यांचं वेळापत्रकही पाठवा. ते आलं तेव्हा त्यात सातव्या महिन्याचं सुरुवातीचं मुद्दल 10,61,520 च लिहिलेलं, म्हणजे जुनाच आकडा!! परत मेल केला, दोन दिवसांनी दुरुस्त वेळापत्रक आलं, 10,00,000 दिसलं आणि मगच मी संमती पाठवली.