झाड काढता काढता: बायनरी सर्च ट्रीच्या आकृतीची प्रगती

मागच्या वेळी सांगितलं होतं तसं, घरातल्या पुस्तकांच्या नोंदवहीवर खेळ चालू आहे. प्रत्येक पुस्तकाला एक नोंद क्रमांक आहे, तो की म्हणून वापरून बायनरी सर्च ट्री बांधायची आणि तिचं चित्र स्क्रीनवर काढायचं. ट्री बांधणं एका संध्याकाळी झालं. चित्राने मात्र तीन आठवडे घेतले, आणि खरं शिकणं त्या तीन आठवड्यांतच झालं.

नव्यांसाठी आधी नोड घालण्याची रीत. वहीतले आठ क्रमांक मी हाताने कागदावर घातले: ४२, १७, ६८, ९, २५, ५५, ८०, ३१. पहिला ४२, तो रूट. १७ लहान, म्हणून डावीकडे. ६८ मोठा, उजवीकडे. शेवटचा ३१ घ्या. रूटपाशी विचारलं, ४२ पेक्षा लहान? हो, डावीकडे. तिथे १७ बसलाय, ३१ मोठा, उजवीकडे. तिथे २५, पुन्हा उजवीकडे. आता जागा रिकामी, बसा. आधी बसलेल्या कोणालाही उठवावं लागत नाही. नवा नोड नेहमी टोकाला लागतो. आणि ३१ शोधायचा झाला तरी वाट हीच, म्हणजे चार तुलना.

चित्राची माझी पहिली पद्धत भाबडी होती. रूट मधोमध, आणि पायरीगणिक अंतर निम्मं. ८०० पिक्सेल रुंद कॅनव्हासवर मुळापासून पाच पायऱ्या खाली दोन भावंडांत २५ पिक्सेल उरतात, सहाव्या पायरीवर साडेबारा. माझं वर्तुळ २४ पिक्सेलचं. पाचव्या पायरीपर्यंत कसंबसं जमलं, सहाव्यापासून नोड एकमेकांच्या अंगावर.

यातून सोडवलं इन-ऑर्डर ट्रॅव्हर्सलने. आधी डावी फांदी पूर्ण, मग स्वतः नोड, मग उजवी फांदी. आणि प्रत्येक फांदीत शिरल्यावर पुन्हा हाच नियम. वरच्या आठांवर चालवून बघा. ४२ म्हणतो, आधी डावीकडे जा. १७ सुद्धा तेच म्हणतो. ९ च्या डावीकडे काही नाही, म्हणून पहिला ९. मग मागे येऊन १७, मग त्याच्या उजवीकडे २५, ३१. डावी बाजू संपली, आता कुठे ४२ ची पाळी. पुढे ५५, ६८, ८०. कुठेही सॉर्ट न करता चढता क्रम मिळाला, कारण प्रत्येक नोडच्या डावीकडे फक्त लहान आणि उजवीकडे फक्त मोठे क्रमांक असतात.

आता गंमत अशी, की या क्रमातला नंबर हाच नोडचा आडवा स्तंभ मानायचा आणि खोली ही उभी ओळ:

```python
x = 0

def place(node, depth=0):
    global x
    if node is None:
        return
    place(node.left, depth + 1)
    node.x, node.y = x, depth
    x += 1
    place(node.right, depth + 1)
```

एका स्तंभात एकच नोड, त्यामुळे टक्कर होणं शक्यच नाही. चित्र रुंद होतं खरं, पण खालच्या काठाला पट्टी लावून डावीकडून उजवीकडे वाचत गेलं की क्रमांक चढतेच दिसतात. एखादा नोड चुकीच्या फांदीला लागला असेल तर तिथे क्रम मोडतो आणि लगेच डोळ्यांत भरतो. डीबगिंगला याहून स्वस्त साधन मला सापडलेलं नाही.

मग पूर्ण वही घातली. १२०० नोंदी. नोड घालण्याचा भाग मी साध्या लूपने लिहिलाय, तो तक्रार न करता संपला (जरा वेळ घेतोय असं वाटलं, पण दुर्लक्ष केलं). चित्र काढायला गेलो आणि `RecursionError`. पायथनची रिकर्शनची मर्यादा मुळात १००० असते. म्हणजे माझी ट्री हजाराच्याही पलीकडे खोल होती! मर्यादा वाढवून चित्र काढलं तर डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ. फांदी म्हणून एकही नाही.

दोष वहीचा नव्हता, माझ्या सोयीचा होता. वही क्रमांकानेच लावलेली. मी ती वरून खाली वाचत गेलो. प्रत्येक नवा क्रमांक आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा, म्हणून प्रत्येक वेळी उजवीकडेच. डाव्या बाजू कायम रिकाम्या. अशा ट्रीमध्ये एका तुलनेने अर्धे उमेदवार बाद होत नाहीत, एकच होतो. नाव ट्रीचं, वागणं लिंक्ड लिस्टचं.

आठ नोडांवर हे जाणवत नाही, तीच फसगत आहे. वरच्या चांगल्या ट्रीत आठही क्रमांक एकेकदा शोधले तर एकूण २१ तुलना होतात, चढत्या क्रमाने बांधलेल्या रेघेत ३६. हा फरक कोणाच्या लक्षात येणार? पण १२०० ला त्या रेघेत सरासरी सहाशे तुलना पडतात. त्याच नोंदी पिसून घातल्या तर सरासरी बाराच्या आसपास. माझ्याकडे पिसलेल्या ट्रीची सगळ्यात लांब वाट कधी बावीस नोडांची आली, कधी चोवीस. अगदी घट्ट भरली तर अकरा ओळींत सगळं मावतं. म्हणजे पिसलेली ट्री आदर्श नाही, पण काम भागतं.

पिसण्याची मर्यादा पुढच्याच आठवड्यात कळली. नवीन पुस्तक आलं की त्याला पुढचा क्रमांक मिळतो, म्हणजे तो सगळ्यात उजव्या टोकालाच लागणार. मुद्दाम आणखी २०० खोट्या नोंदी ओळीने घातल्या: वर छान डेरेदार झाड आणि उजव्या टोकाला लोंबणारी दोनशे नोडांची शेपटी. जुनी पुस्तकं झटकन सापडतात, नवी नाहीत, आणि आपण शोधतो ती बहुतेक नवीच.

म्हणून आता एव्हीएल. १९६२ साली अडेल्सन-वेल्स्की आणि लांडिस यांनी मांडलेली ही रीत: कुठल्याही नोडच्या डाव्या-उजव्या उंचीत एकापेक्षा जास्त फरक पडला की रोटेशन करायचं. आठांच्या ट्रीत ३६ घाला. तो ३१ च्या उजवीकडे लागतो आणि २५–३१–३६ अशी छोटी शेपटी होते. २५ च्या डावीकडे शून्य, उजवीकडे दोन. रोटेशनने ३१ वर येतो, २५ त्याच्या डावीकडे उतरतो, ३६ उजवीकडे राहतो.

हे स्क्रीनवर हळूहळू सरकवून पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. एकही नोड आडवा हलला नाही! २५ एक ओळ खाली, ३१ आणि ३६ एकेक ओळ वर, बस. रोटेशनने इन-ऑर्डर क्रम बदलत नाही आणि माझा स्तंभ तोच क्रम आहे, म्हणून नोड फक्त वर-खाली होतात. आता प्रत्येक रोटेशनआधी आणि नंतर `x` ची यादी ताडून बघतो. एकही आकडा बदलला तर पॉइंटर कुठेतरी चुकीचा जोडलाय हे नक्की.

सध्या अडलोय ते नागमोडी वळणावर. ३६ ऐवजी २८ घातला तर तो ३१ च्या डावीकडे जातो. तिथे २५ वर तेच एक रोटेशन केलं की ३१ वर येतो, पण २८ जाऊन २५ च्या उजवीकडे चिकटतो, आणि कललेली बाजू तेवढी बदलते. आधी ३१ ला उजवीकडे फिरवून मग २५ ला डावीकडे फिरवावं लागतं. कागदावर जमलंय, स्क्रीनवर मात्र पहिल्या फिरवणीनंतर २८ ची रेघ अजून जुन्याच जागी राहते.