तुम्ही विचारलंत म्हणून: गिरणी आणि टाळ्या

"दोन पोरं गिरणीत दळली जातात, आणि तुम्ही तो भाग टाळ्या वाजवत म्हणता. लहान मुलांसमोर असं करवतं तरी कसं?"

करवतं, कारण ठेका माझा नाही, विल्हेल्म बुश या जर्मन कवी-चित्रकाराचा आहे. 'माक्स आणि मोरित्स' या दोन खोडकर पोरांच्या पद्यगोष्टीत, शेवटच्या खोडीत त्याने १८६५ सालीच लिहून ठेवलंय: 'रिकेराके! रिकेराके! गेट डी म्यूले मिट गेक्नाके', म्हणजे गिरणी कडकडत चालते. एक अक्षर जोरात, एक हलकं, अशा चार जोड्या. ओळ हलक्या अक्षरावर संपते, म्हणून ती टेकत नाही, चाक फिरतंच राहतं. त्याआधी शेतकरी गिरणीवाल्याला 'दळ हे लवकर' सांगतो, त्या ओळी मात्र शेवटचं हलकं अक्षर गाळून ठोक्यावर बंद होतात. हुकूम सुटला, संपलं. तोच ताल गिरणीला शोभतो आणि पोरांची टर उडवतो.

मराठीत असा आघात नाही, म्हणून ती मराठीत आणताना मी मात्रांवर गेले. आधी तोटक वृत्त घेतलं: 'पळती पळती पळती पळती'. दोन लघू धावत येतात आणि गुरूवर उडी पडते. हा दौडीचा ताल. १८२३ च्या त्या अमेरिकन नाताळच्या कवितेत रेनडिअरची गाडी अशीच धावते, आणि तिथे ते छान वाटतं. पण इथे पोरं पळत नाहीत, गिरणीच्या तोंडात वरून ओतली जातात. तोटकात ती निसटतील अशी उगीच आशा लागते. मग चार-चार मात्रांचे गट केले, प्रत्येकाच्या आरंभी टाळी: 'घरघर घरघर फिरते जाते'.

एकदा आयोजकांनी अट घातली: टाळ्या नकोत, गंभीर चाल लावा. जातं आहे ना, मग ओवीच लावली. ओवीत स्वर लांबतो, दळणारीचा हात आणि दम त्यात ऐकू येतो. गिरणी जाऊन तिथे एक माणूस बसलं. आपल्या हाताने, सावकाश, दोन मुलं दळणारं. एरवी खिदळणारी पोरं गप्प झाली. एका मुलीने विचारलं, "त्यांना दुखलं का?" दोघी आया मुलांना घेऊन निघून गेल्या. आयोजक म्हणाले, "बघा, गोष्टच वाईट आहे." शब्द मी एकही बदलला नव्हता!

पूर्वी मी छातीठोकपणे म्हणायचे की ताल मुलांना वाचवतो. आता तो कोणाला वाचवतो याबद्दल माझंच माझ्याशी भांडण आहे. टाळ्यांच्या चालीत 'दुखलं का' हे आजवर कोणीच विचारलेलं नाही. ते बरं की वाईट? बुशला बहुधा तेच हवं होतं: गावात कोणालाच दुःख होत नाही, आणि दळलेले दाणे गिरणीवाल्याची बदकं खातात तेव्हा ओळ पुन्हा ठोक्यावर बंद होते. तरीही मी टाळ्याच वाजवते. ओवी मला पुन्हा म्हणवणार नाही, आणि ठेका काढून गोष्ट नुसती वाचायची, तर तो वर्तमानपत्रातला अपघात होतो.