गृहपाठाच्या नोंदवहीत वेळेचा रकानाच नाही

ऐरोलीत मी पाचवीला गणित शिकवते. त्या दिवशी जे शिकवलं त्याचाच गृहपाठ द्यायचा आणि तो दहा मिनिटांत व्हायला हवा, एवढंच मला करायचं होतं. गणितं निवडणं सोपं गेलं. अडलं ते नोंदवहीपाशी.

त्या वहीत रकाने तीनच: तारीख, विषय, उदाहरणसंग्रह क्रमांक. उद्दिष्टाला जागा नाही, वेळेलाही नाही. मी ‘चार गणितं, दहा मिनिटं’ लिहिलं की वही शेरा घेऊन परत यायची, ‘संपूर्ण उदाहरणसंग्रह द्यावा.’ पर्यवेक्षकबाई म्हणायच्या, “अहो बाई, पालक विचारतात, एवढाच अभ्यास?” २०२० च्या शालेय दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास गृहपाठ आहे, तोही सगळे विषय मिळून. पाच दिवसांत वाटला तर रोज चोवीस मिनिटं. त्यात मराठी, इंग्रजी, परिसर अभ्यास आणि गणित. हे दाखवलं तरी शेरा तोच. मला आजही त्याचा राग येतो.

मग मुलांना वहीत वर सुरू केल्याची आणि खाली संपल्याची वेळ लिहायला लावली. पूर्ण संग्रहाला बहुतेकांना अर्ध्या तासाहून जास्त लागला. वेळ खाल्ला होता तो गणितं उतरवण्यात आणि ५/१२ + ७/१८ सारख्या मोठ्या छेदांचे पाढे आठवण्यात. छेद समान का करायचे, हा त्या दिवशीचा मुद्दा, तिथे मुलं पोचेपर्यंत दमलेली. त्या वह्या बाईंसमोर ठेवल्या, तेव्हा कुठे सही मिळाली.

भिन्नच्छेद बेरजेच्या दिवशी मी हे दिलं: १/२ + १/४, २/३ + १/६, १/३ + १/४. पहिल्या दोन्हींत एकच छेद बदलायचा, तिसऱ्यात दोन्ही. छेद मुद्दाम लहान. चौथं असं: ‘एकाने १/२ + १/३ = २/५ लिहिलं. बेरीज न करता चूक कशी ओळखाल?’ २/५ हे अर्ध्याहूनही लहान आहे, मग अर्ध्यात भर घालून ते कसं येईल? एवढं एका ओळीत लिहिणाऱ्याला विषय कळला.

हो, आधी गृहपाठ स्वतः घड्याळ लावून, गणितं उतरवण्यासकट सोडवा. मला लागेल त्याच्या तिप्पट वेळ मी मुलांचा धरते. माझी तीन मिनिटं ओलांडली की एक गणित काढते.

आणि मुलांना सांगा, दहा मिनिटं झाली की रेघ मारून थांबायचं, अपूर्ण राहिल्याबद्दल शिक्षा नाही. सकाळी मी आधी रेघाच बघते. बऱ्याच जणांची दुसऱ्या गणितावरच असेल, तर नवा पाठ न घेता कालचाच पुन्हा घेते.